दोन मुरुड आणि एक चौकशी

कोकण किनाऱ्यावर मुरुड दोन आहेत. एक रायगड जिल्ह्यातलं, जंजिऱ्याचं. दुसरं आमचं, रत्नागिरी जिल्ह्यातलं, दापोली तालुक्यात हर्णैच्या शेजारी. मध्ये राजपुरीची आणि बाणकोटची अशा दोन खाड्या. फेरीबोटीने दोन्ही ओलांडत आलात तरी अर्धा दिवस मोडतो. आमच्याकडे चार खोल्यांची घरगुती सोय आहे आणि चौकशीचा फोन माझ्याकडे असतो. त्यामुळे व्हॉट्सअॅपवर पहिल्यांदा विचारणाऱ्याला जो निरोप आपोआप जातो, त्याचं पहिलंच वाक्य मी गावावर खर्च केलंय. ‘आपले सहर्ष स्वागत आहे’ वगैरे त्यात नाही. सासूबाईंना ते जरा रुक्ष वाटतं.

निरोप असा आहे:

“नमस्कार. आमचं घर दापोली तालुक्यातल्या मुरुडला, हर्णैजवळ आहे. मुरुड-जंजिरा वेगळं, ते इथून लांब आहे. हा निरोप आपोआप आला आहे, याने खोली राखून ठेवली जात नाही. एवढं कळवा: कोणत्या तारखेला आणि वाराला येणार, कोणत्या तारखेला आणि वाराला निघणार. मोठी माणसं किती, मुलं किती, त्यांची वयं. जेवण शाकाहारी की मासे. जिना चढायला त्रास होणारं कोणी आहे का. दोघांची खोली नाश्त्यासह 2200 रुपयांपासून, सुट्टीच्या दिवसांत जास्त. रात्री 9 नंतर विचारलंत तर सकाळी 8 नंतर उत्तर मिळेल.”

डिसेंबरातली गोष्ट. नाताळच्या आदल्या आठवड्यात रात्री अकराच्या सुमारास पुण्याहून एका गृहस्थांचा मेसेज आला होता: “मुरुडला रूम आहे का? 27 शनिवार, 2 दिवस, 6 जण. रेट?” मी झोपलेले. निरोप आपला आपण गेला. सकाळी फोन बघितला तर खाली सविस्तर उत्तर होतं आणि शेवटी एक ओळ: “दापोली? पण आम्हाला जंजिरा बघायचाय हो!”

सासूबाई चहा गाळत होत्या. म्हणाल्या, “गेलं गिऱ्हाईक. सांगायचं कशाला एवढं?” मी म्हटलं, “आई, ते शनिवारी राजपुरीच्या धक्क्यावरून फोन करून घर कुठे विचारणार. मग काय सांगायचं?” ऐन सुट्टीत, संध्याकाळच्या वेळी, म्हातारं माणूस गाडीत बसलेलं. अशा माणसाचे अॅडव्हान्सचे पैसे ठेवून घेणंही जड जातं आणि परत देणंही.

बाकीचं उत्तर मात्र कामाचं होतं. “शनिवारी सकाळी पोचू, रविवारी संध्याकाळी निघू.” म्हणजे त्यांचे ‘दोन दिवस’ आमच्या हिशेबाने एकच रात्र, कारण आमच्याकडे दुपारी 12 ला खोली मिळते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी 10 ला सोडायची असते. नुसतं ‘दोन दिवस’ धरून मी दोन रात्रींचे पैसे सांगितले असते, तर त्यांना वाटलं असतं ही बाई लुटते. दिवस विचारूच नयेत. येण्याची आणि जाण्याची तारीख विचारावी आणि रात्री आपण मोजाव्यात. वार मागायचं कारणही तसंच. घाईत माणूस तारीख चुकीची टाइप करतो, पण शनिवार-रविवार त्याच्या डोक्यात पक्का असतो. दोन्ही जुळले नाहीत की लगेच कळतं.

माणसं होती चार मोठी आणि दोन मुलं, अकरा वर्षांची एक आणि चार वर्षांचा एक. गृहस्थांच्या आईंचे गुडघे दुखतात. आमच्या माडीचा जिना जुना, उभा आहे, त्यामुळे खालची खोली त्यांनाच द्यायची हे तिथेच ठरलं. सहा जण एवढंच कळलं असतं तर मी माडीवरच्या दोन खोल्या शेजारी-शेजारी म्हणून दिल्या असत्या.

मी फोन केला. लिहून लिहून हे सुटलं नसतं. सांगितलं, “दादा, जंजिरा बघायचा तर शनिवारी तिकडच्या मुरुडलाच राहा. आमच्याकडून जाऊन-येऊन करण्यात अर्थ नाही.” ते जरा थांबले. “मग तुमच्याकडे बघण्यासारखं काय आहे?” हर्णैला संध्याकाळी माशांचा लिलाव असतो, समोर सुवर्णदुर्ग, आणि किनारा तर आहेच. थोड्या वेळाने त्यांचाच फोन: शनिवारी तिकडे राहतो, रविवारी तुमच्याकडे येतो, सोमवारी रजा टाकतो.

रस्ता मी सांगितला. आगरदांड्याहून फेरीबोटीने दिघी, तिथून श्रीवर्धन-हरिहरेश्वरकडून बागमांडला, पुन्हा फेरीबोटीने वेसवी, मग मंडणगड तालुक्यातून खाली आमच्याकडे. सुट्टीत गाड्यांची रांग लागते, त्यामुळे दुपारचं जेवण आमच्याकडे धरू नका, वाटेत उरका.

मग पक्कं करणारा निरोप. हा आपोआप जात नाही. व्हॉट्सअॅप बिझनेसमध्ये `Quick replies` मध्ये मजकूर साठवून ठेवलाय, `/nakki` लिहिलं की समोर येतो आणि मी त्यात रिकाम्या जागा भरते. त्या दिवशी भरला तो असा: “रविवार 28 डिसेंबर दुपारी 12 ते सोमवार 29 डिसेंबर सकाळी 10, एक रात्र. दोन खोल्या, एक खाली, एक माडीवर. 4 मोठे, 2 मुलं, एक जादा गादी. रविवारी रात्रीचं जेवण माशांचं, आईंसाठी शाकाहारी. मासा कोणता ते त्या दिवशीच्या बाजारावर, सुरमई-पापलेटचा शब्द देत नाही. टीव्ही नाही. वीज गेली तर इन्व्हर्टरवर पंखा आणि दिवा चालतो, एसी नाही. अर्धी रक्कम आली की खोल्या तुमच्या. पैसे भरताना माझ्या सासऱ्यांचं नाव दिसेल. दुसरं नाव दिसलं तर भरू नका, मला फोन करा.”

पैशांचा नंबर किंवा क्यूआर पहिल्या निरोपात मी मुद्दाम घालत नाही. तारीख ठरायच्या आधीच कोणी पैसे टाकतो आणि खोली आपली झाली असं समजून बसतो. फोनवर बोलणं झालेलं असलं की समोरच्यालाही आपण कोणाला पैसे देतोय याचा भरवसा राहतो.

रविवारी मंडळी तीनच्या सुमारास आली. आगरदांड्याला रांग होतीच. लिलावाला हर्णैला जाऊन आले, रात्री ताटात बांगडा आणि कोळंबी होती. सुरमई का नाही, असं कोणी विचारलं नाही.

आपोआप जाणाऱ्या निरोपाला एक खोड आहे. `Greeting message` पहिल्यांदा लिहिणाऱ्याला जातो, तसाच 14 दिवस काही बोलणं झालं नसेल तर पुन्हाही जातो. आमच्या कोळणीने महिन्याभराने “ताई, आज कोळंबी हाय” लिहिलं, की तिलाही “जिना चढायला त्रास होणारं कोणी आहे का” जायचं. ती येऊन पदर तोंडाला लावून हसायची. आता सेटिंगमध्ये पत्त्याच्या यादीत नसलेल्यांनाच जाईल असं ठेवलंय. त्यामुळे राहून गेलेल्या पाहुण्याचा नंबर मी गावाच्या नावासकट लगेच साठवते. पुढच्या वर्षी त्यांनी विचारलं तर त्यांना हे यंत्राचं बोलणं ऐकावं लागत नाही, मी स्वतः उत्तर देते.

जे थेट फोन करतात त्यांना यातलं काहीच पोचत नाही. त्यांच्यासाठी हेच प्रश्न वहीच्या पुठ्ठ्यावर आतून चिकटवलेत, म्हणजे फोन सासूबाईंनी उचलला तरी पहिला प्रश्न तोच येतो: “कुठलं मुरुड हवंय तुम्हाला?”