टिटवीचा खो

सातवीच्या माझ्या वर्गाला ताटल्या वाजवायची भारी हौस. यवतमाळ जिल्ह्यातली आमची जिल्हा परिषदेची शाळा, आणि जानेवारीतली केंद्रस्तरीय खो-खो स्पर्धा. खेळणाऱ्या बारा पोरी, आणि ओरडायला म्हणून बाकीचे नऊ पोट्टे. काळी-पिवळीच्या दोन खेपा केल्या तेव्हा सगळे पोचले.

उपांत्य सामना एका लहानशा शाळेशी होता. त्यांच्याकडे मोजून नऊ पोरी. एक जरी लंगडली तरी बदली कोणी नाही. वेळ कमी म्हणून प्रत्येकी एकच डाव ठरला, सात मिनिटं पाठलाग आणि सात मिनिटं पळती. त्यांनी आमचे सहा गडी बाद केले. त्यांच्यात एक बारकी, काटकुळी पोर होती. पळता पळता मान उंचावून इकडंतिकडं बघायची, म्हणून आमच्या पोरींनी तिचं नाव टिटवी ठेवलं.

आम्ही त्यांचे पाच बाद केले आणि शेवटच्या मिनिटाला समोर टिटवीच. आमची कप्तान तिच्या अगदी पाठीशी होती. टिटवी दोन बसलेल्या पोरींच्या मधून पलीकडे सटकली. पळणाऱ्याला तसं जाता येतं, पाठलाग करणाऱ्याला नाही. त्यानं एकदा दिशा धरली की खांबापर्यंत तिकडेच जायचं, नाहीतर बसलेल्या गड्याला खो द्यायचा. कप्तानीनं घाईत खांदा उलटा वळवला. शिट्टी! फाउल झाला की धरलेल्या दिशेच्या उलट जावं लागतं, आणि टिटवी तर खांबाकडच्या टोकाला. तिथंच वेळ संपली.

सहा-पाच.

"पंचच खराब हाय, सर," एक पोट्टा म्हणाला. फाउल मी डोळ्यांनी पाहिला होता, पण त्या वेळी बोलून उपयोग नव्हता. कप्तान नळाशी जाऊन पाय धूतच राहिली. धूळ कधीच निघून गेली होती.

तेव्हाच निघालो असतो, तर ही गोष्ट घडलीच नसती. पण गाडीवाला कोणाचा तरी कापूस जिनिंगला पोचवायला गेला होता आणि पाचशिवाय येणार नव्हता. मग अंतिम सामना बघणं आलंच. टिटवीची शाळा आणि यजमान शाळा. यजमानांचं अख्खं गाव कडेला उभं, टिटवीच्या बाजूला फक्त त्यांच्या मॅडम. आमचा वर्ग यजमानांच्या घोळक्यात घुसला. खिचडीच्या ताटल्या, चमचे, आणि "हारली रे टिटवी" चा गजर.

टिटवी पाठलागाला होती. तिनं पुढच्या पोरीच्या पाठीला हात लावला, तोंड उघडलं, ती पोर उठली आणि शिट्टी वाजली. पंचांनी कानाला हात लावून दाखवलं, खो ऐकूच आला नाही. थोड्या वेळानं पुन्हा तेच. या वेळी तर बसलेली पोर उठलीसुद्धा नाही. हात लागला होता, पण शब्द पोचला नव्हता, आणि न उठण्यात तिची काही चूक नव्हती.

कप्तानीचा चमचा थांबला.

"सर, तिचा खो आयकूच नाई येऊन रायला. आपुनच त ओरडून रायलो."

"मंग ओरडू दे न! आपल्याले हरवलं तिनं," पोट्टा म्हणाला.

तिनं उत्तर दिलं नाही. त्याच्या हातातली ताटली ओढून घेतली, मातीत ठेवली आणि तिच्यावर बसली. मला हसू आलं, पण आवरलं.

पाळ्या बदलताना ती सगळ्यांना टिटवीच्या मोकळ्या बाजूला घेऊन गेली. आता टिटवीच्या पोरी पळतीला होत्या. आमचे पोट्टे जोरात सुरू झाले, "उजवीकडं पय, उजवीकडं!" पंचांनी बोट दाखवलं, बाहेरून शिकवायचं नाही. मग पोरांनी आपसात ठरवलं, पाठलागवाली खो द्यायला वाकली की तोंडावर हात, आणि पळणारी निसटली की टाळ्या. ते जमायला दोन-तीन मिनिटं गेली. एक जण तर चुकीच्या वेळी शिंकला. पण नंतर यजमानांच्या पोरीनं खांबाशी सुरेख झेप घेऊन गडी टिपला, तेव्हाही आमच्या टाळ्या वाजल्या. "आपली नाई न थे?" कोणीतरी विचारलं. "झेप त भारी होती," कप्तान म्हणाली.

टिटवीची शाळा दोन गड्यांनी हरली.

नळावर टिटवी आमच्याकडे आली. "तुमी कायले टाळ्या वाजवल्या?"

कप्तान जरा घुटमळली. मग म्हणाली, "थे सोड. तू मधातून सटकतं कशी, मले दाखव."

पाच वाजले. गाडीवाला हॉर्न वाजवत होता, आणि रिकाम्या मैदानात फक्कीच्या पुसट रेषांवर दोघी पळत होत्या.