पूर्वप्रसिद्धीचं वर्ष

"मी लेख संग्रहातून घेतलाय, पण तो आधी मासिकात छापून आला होता. संदर्भसूचीत वर्ष कुठलं लिहू, मासिकाचं की संग्रहाचं?"

दोन्ही लिहा, पण दोघांची कामं वेगळी आहेत हे ध्यानात ठेवून. पान संग्रहाचं द्यायचं, कारण वाचलाय तो तुम्ही तिथे. पहिलं वर्ष मूळ प्रसिद्धीचं द्यायचं, कारण विचार मांडला गेला तो तेव्हा. बेळगावात एमए, पीएचडी करणाऱ्यांच्या सूचींत यातलं एकच काहीतरी दिसतं, आणि मग प्रबंध तपासणारे नेमकं तिथेच बोट ठेवतात.

डॉ. आंबेडकरांचा 'कास्ट्स इन इंडिया' हा निबंध घ्या. तो ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चावर्गात वाचला गेला. 'इंडियन अँटिक्वेरी' या नियतकालिकाच्या मे १९१७च्या अंकात तो छापून आला. आपल्याकडे तो बहुतेकांच्या हाती येतो तो महाराष्ट्र शासनाच्या 'रायटिंग्ज अँड स्पीचेस' मालिकेच्या पहिल्या खंडातून. संपादक वसंत मून, वर्ष १९७९, पानं ३ ते २२. त्याच खंडात १९३६चा 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'ही आहे.

आता समजा तुमचा मुद्दा असा आहे की आंबेडकरांचा जातीविषयीचा विचार १९१७ ते १९३६ या काळात कसा पुढे सरकला. सूचीत फक्त संग्रहाचं वर्ष टाकलंत, तर दोन्ही लेख १९७९चे होतात, आणि एकाला १९७९अ, दुसऱ्याला १९७९आ म्हणावं लागतं. म्हणजे ज्या एकोणीस वर्षांवर तुमचा मुद्दा उभा आहे, ती सूचीतून पुसली जातात. शिवाय लेखक १९५६ साली गेले. नुसतं '१९७९' वाचणाऱ्याला कसलाच बोध होत नाही.

एपीए पद्धतीत मजकुरात (आंबेडकर, १९१७/१९७९, पान अमुक) असं लिहितात. तिरक्या रेषेआधी मूळ वर्ष, नंतर हातातल्या पुस्तकाचं. सूचीतली नोंद संग्रहाच्या वर्षाने चालते आणि शेवटी कंसात मूळ ठिकाण येतं. मराठीत ती अशी दिसेल:

आंबेडकर, बी. आर. (१९७९). कास्ट्स इन इंडिया: देअर मेकॅनिझम, जेनेसिस अँड डेव्हलपमेंट. वसंत मून (संपा.), डॉ. बाबासाहेब आंबेडकर: रायटिंग्ज अँड स्पीचेस (खंड १, पृ. ३–२२). शिक्षण विभाग, महाराष्ट्र शासन. (पुनर्मुद्रण, मूळ प्रसिद्धी: इंडियन अँटिक्वेरी, खंड ४६, मे १९१७, पृ. ८१–९५.)

यात संपादकाचं नाव लेखकाच्या जागी जाऊ द्यायचं नाही, ही चूक सर्रास होते. निबंध लिहिला त्याच्या नावाने नोंद सुरू होते, संपादक आत, संग्रहाच्या नावाआधी. एमएलए पद्धत नेमून दिली असेल तर मूळ प्रसिद्धीचा तपशील ऐच्छिक असतो, पण तो नोंदीच्या शेवटी जरूर द्या. मागितला नाही म्हणून टाळू नका.

वरच्या नोंदीतल्या 'खंड ४६'कडे थोडं थांबून बघा. याच निबंधाचा उल्लेख अनेक ठिकाणी 'खंड ४१, मे १९१७' असा फिरतो. 'इंडियन अँटिक्वेरी' १८७२ साली सुरू झालं आणि दर वर्षी एक खंड निघाला. १८७२चा पहिला, तर १९१२चा एकेचाळिसावा आणि १९१७चा शेहेचाळिसावा. रोमन आकड्यांत ४१ आणि ४६ यांत फरक एका अक्षराचा, त्यामुळे तो उतरवताना गळून पडणं सोपं. म्हणून मूळ प्रसिद्धीचा तपशील संग्रहातून जसाच्या तसा उचलण्याआधी खंड आणि वर्ष यांचा मेळ बसतो का, एवढा हिशेब कागदाच्या कडेला करून बघावा. वेळ लागतो दोन मिनिटं, आणि पुढच्या दहाजणांच्या सूचीत जाणारी चूक तिथेच थांबते.

मराठी संग्रहांत हा तपशील शोधायचा कुठे? आधी शेवटची पानं उलटा. तिथे 'पूर्वप्रसिद्धी' या मथळ्याखाली लेखवार यादी असते. नसेल तर ऋणनिर्देश, मग प्रस्तावना, मग लेखाच्या पहिल्या पानावरची तळटीप. यादीत बऱ्याचदा मासिकाचं नाव आणि दिवाळी अंक एवढंच असतं, खंड नाही, पानं नाहीत. मग तेवढंच लिहा. जे मिळालं नाही ते अंदाजाने भरू नका, आणि मूळ अंक स्वतः पाहिला नसेल तर तो पाहिल्यासारखी स्वतंत्र नोंद तर मुळीच करू नका. संग्रह ही तुमची नोंद, मूळ अंक हा तिच्यातला तपशील.

जुन्या अंकांवर वर्ष शकात असतं, आणि खानापूर-निपाणीच्या वाचनालयांत जुने अंक चाळताना नेमकी इथेच फसगत होते. चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत शकात ७८ मिळवायचे, जानेवारीपासून फाल्गुनाच्या शेवटापर्यंत ७९. शके १८६८चा दिवाळी अंक १९४६चा, पण त्याच शकातला माघाचा अंक १९४७चा. सरसकट ७८ मिळवलेत तर माघ-फाल्गुनाचे अंक एक वर्ष मागे जातात. पौष दोन्हींकडे पडू शकतो, तिथे अंकावरची इंग्रजी तारीख शोधा.

गावाचं नाव बदलायच्या फंदात पडू नका. १ नोव्हेंबर २०१४पासून सरकारी नाव बेळगावी आहे, पण १९६०च्या मुखपृष्ठावर बेळगाव छापलं असेल तर नोंदीतही बेळगावच. हा नावाचा वाद सूचीत सोडवायचा नसतो. पुस्तकावर जे आहे ते उतरवायचं.

संग्रहासाठी लेख काटलेला असेल, किंवा शीर्षक बदललेलं असेल, तर कंसात तसं सांगा: 'संक्षिप्त स्वरूपात' किंवा 'मूळ शीर्षक अमुक'. मूळ लेख पंधरा पानांचा आणि संग्रहातला सहा पानांचा दिसला, की आधी दोन्हींचा पहिला आणि शेवटचा परिच्छेद ताडून बघा. अक्षरांचा आकार लहान असेल तर पानं कमी होतातच, पण शेवटचा परिच्छेदच वेगळा असेल तर काटछाट झाली आहे. आणि कन्नड संग्रहात आलेला मराठी लेख हे पुनर्मुद्रण नव्हे, तो अनुवाद. तिथे अनुवादकाचं नाव लागतं.

सूची तयार करायला झोटेरो हे सॉफ्टवेअर वापरत असाल तर नोंदीचा प्रकार 'Book Section' निवडा आणि 'Extra' या रकान्यात ही ओळ टाका:

```
Original Date: 1917
```

एपीए शैलीत मजकुरातली दोन वर्षं त्याने आपोआप येतात. मूळ नियतकालिकाचं नाव, खंड आणि पानं मात्र येत नाहीत. ती सगळी सूची तयार झाल्यावर, अगदी शेवटी, वर्डमध्ये हाताने घाला. आधी घातलीत तर सूची पुन्हा ताजी करताना ती उडून जातात.