जेजुरी सोमवती, कट ४: एका सदऱ्यानं सोडवलेला गुंता

जेजुरीच्या सोमवती यात्रेवरच्या माझ्या छोट्या फिल्मचा तिसरा कट मी पूर्ण मोडला. मागच्या वेळी लिहिलं होतं की २ मिनिटं २० सेकंदांचं काम जवळजवळ झालंय. परवा ते आवाज बंद करून पाहिलं. प्रत्येक शॉट काय नवीन सांगतो ते एका शब्दात वहीत लिहीत गेलो, तर ४१ शॉटांपैकी १७ पुढे एकच शब्द आला: भंडारा. जवळून, लांबून, गच्चीवरून, स्लो मोशनमध्ये. एकेक शॉट देखणा आहे, पण तिसऱ्या उधळणीनंतर डोळा काही घेतच नाही.

मग उलटी चूक केली. सतरांतली एकच उधळण ठेवली, महाद्वाराजवळची, आणि बाकी पायऱ्या, दिवट्या, पालखी, कऱ्हेकाठची गर्दी असं लावलं. लांबी दीड मिनिटावर आली, पण जेजुरी गेली. सोमवतीला पालखी गडावरून निघून कऱ्हेवर स्नानाला पोहोचेपर्यंत भंडारा थांबत नाही. एकदाच उधळलेला दिसला की कुणीतरी मध्येच रंग फेकल्यासारखं वाटतं. म्हणजे ‘सतत’ हे दाखवायचं होतं, पण तोच शॉट पुन्हा न लावता.

दोन रात्री याच्यातच गेल्या. उत्तर मिळालं ते कचऱ्यात टाकलेल्या क्लिपांत. सकाळी पायऱ्या चढणारे एक आजोबा आहेत, कोरा पांढरा सदरा, हातात खोबऱ्याची वाटी. तेच आजोबा दुपारी दीपमाळेपाशी दिसतात, तेव्हा खांदे आणि पाठ पिवळी. आणि कऱ्हेच्या वाटेवर तिसऱ्यांदा, तेव्हा सदऱ्यावर पांढरं फक्त काखेत उरलंय. मी त्यांच्या मागावर नव्हतो, गर्दीच तशी सरकत होती. हे तीन शॉट दहाव्या, अडतिसाव्या आणि सत्तराव्या सेकंदाला ठेवले, आणि मधल्या सगळ्या उधळणी न दाखवताही घडून गेल्या.

पण खरा त्रास इथून पुढे होता. सदरा भंडाऱ्यानं पिवळा झालाय, कॅमेऱ्यानं नाही, हे बघणाऱ्याला पटलं पाहिजे. माझ्या दोन क्लिपांत व्हाइट बॅलन्स ५६०० केल्विनला लॉक होता. मधली दीपमाळेची क्लिप मात्र चुलतभावाच्या फोनची, ऑटोवर घेतलेली. भंडाऱ्याचा ढग फ्रेम भरतो, फोनला वाटतं उजेडच पिवळा आहे, आणि तो सगळं निळ्याकडे ढकलतो. ढग विरला की रंग हळूहळू परत येतो. म्हणजे ७ सेकंदांत तोच सदरा पिवळट, मग राखाडी, मग पुन्हा पिवळा.

संपूर्ण शॉटला एकच दुरुस्ती लावून भागत नाही. करड्या रंगाचा आधार हवा, आणि खालचा सगळा दगड तर माखलेला. शेवटी दीपमाळेचा वरचा भाग सापडला, जिथे हातानं उधळलेलं पोहोचत नाही. तो कोरा दगड शॉटभर फ्रेममध्ये आहे. रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये ढग येण्याआधी, ढग भरल्यावर आणि विरल्यावर असे तीन कीफ्रेम दिले, आणि प्रत्येक ठिकाणी तिन्ही रंगांची पातळी त्या दगडावर जुळवली. ढगाच्या आत मात्र निळा चॅनल शून्याला टेकलाय, तिथे भंडाऱ्याचा कण दिसत नाही, सपाट पिवळा थर दिसतो. ते परत येणार नाही. सॅच्युरेशन थोडं उतरवलं आणि ढगाचे १५ फ्रेम कापले. पुढच्या वेळी भावाचा फोनही मीच लॉक करणार.

आवाजाचं यावेळी जमलं. वेगळ्या रेकॉर्डरवर घेतलेला दीड मिनिटांचा सलग ॲम्बियन्स खाली अंथरलाय, त्यामुळे चित्र कुठेही तुटलं तरी जागा तुटत नाही. ‘सदानंदाचा येळकोट’ सुरुवातीला फक्त लांबून ऐकू येतो, आणि मोठ्या उधळणीच्या बारा फ्रेम आधी, चित्र बदलण्यापूर्वी, अगदी जवळून. सगळ्या कामात मला सर्वांत आवडलेली जागा ही. खोबऱ्याचे तुकडे फरशीवर टप टप पडतात तो आवाजही त्यात सुटा ऐकू येतो.

कॅमेऱ्याबद्दल एक: ऑनलाइन घेतलेल्या रेन कव्हरच्या शिवणीतून हळद आत गेली. स्वयंपाकघरातली क्लिंग फिल्म बरी. आणि लेन्सवर भंडारा पडला तर पुसू नका, आधी ब्लोअरनं उडवा. पुसला की तेलकट पिवळा पट्टा बसतो.

शेवट रिकाम्या, माखलेल्या पायऱ्यांवर करायचा ठरवलं होतं. पण हे लिहिताना एक वेगळीच क्लिप पुन्हा काढून पाहिली, १८७ नंबरची. हलली म्हणून बाद केली होती. कऱ्हेत कमरेएवढ्या पाण्यात तेच आजोबा उभे आहेत आणि सदऱ्यातून पिवळं पाण्यात उतरतंय. पहिले ४ सेकंद स्थिर आहेत. पायऱ्या काढतोय, आज रात्री हाच शॉट लावून बघतो.