फळ्यात उतरलेली खिडकी

फोंड्यातल्या एका उच्च माध्यमिक विद्यालयाच्या रसायनशास्त्राच्या तासांचं संकलन मी करते. जुलैमध्ये बारावीच्या विद्युतरसायनाचा तास माझ्याकडे आला, तेव्हा व्हाइटबोर्डच्या डाव्या अंगाला खिडकीच्या आकाराचा पांढराशुभ्र पट्टा होता, दीडेक वीत रुंद. त्या पट्ट्याखाली नेमकं विद्युतघटाचा दाब काढायचं नर्न्स्ट समीकरण गेलं होतं. पुन्हा चित्रीकरण होणार नव्हतं, कारण सरांच्या घशाची शस्त्रक्रिया झाली होती आणि महिनाभर बोलायचं नाही अशी डॉक्टरांची ताकीद होती. हे सर मला स्वतःला बारावीला होते, त्यामुळे काम टाळायचा प्रश्नच नव्हता.

आधी पट्ट्याच्या आत काही शिल्लक आहे का ते पाहिलं. रंग मोजायची सुई पट्ट्याच्या कडेला ठेवली, तर शाई 238 आणि फळा 250 असा थोडा फरक होता. तिथे कॉन्ट्रास्ट ताणून अक्षरं वर आली, जरा दाणेदार झाली, पण वाचता येत होती. मध्यभागी मात्र शाईही 255 आणि फळाही 255, म्हणजे मोजपट्टीचं वरचं टोक. कॅमेऱ्याने त्या जागी फक्त "भरलं" एवढंच नोंदवलेलं असतं. तिथे प्रकाश कमी केला की पांढऱ्याचा राखाडी होतो, अक्षर येत नाही.

दुसरा एक सोपा मार्ग होता आणि मला त्याचीच भीती वाटते. आजूबाजूच्या पृष्ठभागावरून डाग भरून काढणारी सोय संपादनाच्या बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये असते. ती वापरली की फळा नितळ दिसतो, पण पट्ट्याबरोबर त्याखालचं लेखनही पुसलं जातं, आणि पाहणाऱ्याला इथे काही होतं हे कळतसुद्धा नाही. पट्टा दिसत असेल तर विद्यार्थी निदान विचारतो तरी.

इथे चिन्हाचाच प्रश्न होता. जस्त आणि तांब्याच्या डॅनियल घटासाठी हे समीकरण दोन तऱ्हांनी लिहिता येतं. `log` च्या आत वर जस्त आणि खाली तांबं असेल तर आधी वजा येतो. अपूर्णांक उलटा असेल तर अधिक. दोन्ही बरोबर. पण एकातलं चिन्ह आणि दुसऱ्यातला अपूर्णांक घेतला की उत्तर चुकतं. चिन्ह आणि अपूर्णांक दोन्ही पट्ट्याखाली होते. मला समीकरण पाठ असलं तरी सरांनी कोणतं रूप लिहिलं हे मी मनाने ठरवू शकत नव्हते.

म्हणून एका फ्रेमचा नाद सोडून सगळ्या तासाकडे वळले. कॅमेरा तिवईवर स्थिर होता. डस्टर दोनदा फिरला, त्यामधल्या बारा मिनिटांत समीकरण फळ्यावर जसंच्या तसं होतं. तेवढा भाग कापून सेकंदाला एक फ्रेम काढली:

```
ffmpeg -i taas.mp4 -vf fps=1 f_%04d.png
```

सातशेवीस चित्रं. पावसाचे दिवस, ढग येत-जात होते, त्यामुळे पट्टा कधी मंद होत असणार असं वाटलं. प्रत्येक बिंदूची मधली किंमत घेतली तर सर चित्रातून नाहीसे झाले, पट्टा तसाच राहिला, कारण अर्ध्याहून जास्त वेळ ऊन होतं. सर्वांत गडद किंमत घेतली तर पट्टा गेला, पण त्या जागी सरांच्या निळ्या शर्टाचा आणि कोपराचा चिखल झाला. संध्याकाळ झाली होती, बाहेर पाऊस धो धो लागला होता, आणि माझ्या हाताला काहीच लागलं नव्हतं.

मग नुसतीच चित्रं पुढे-मागे करत बसले. एका ठिकाणी सर पट्ट्याच्या डावीकडे सरकून हाताने काही दाखवत होते, आणि त्यांच्या शेजारी, जिथे ते उभे नव्हते तिथे, फळ्यावर वजाचं चिन्ह स्वच्छ दिसत होतं. पुढच्या फ्रेममध्ये सर हलले, चिन्ह गेलं.

कारण उमगायला टेबलावरचा आरसा हातात घ्यावा लागला. खिडकी वर्गाच्या डाव्या भिंतीत, कॅमेरा मागे उजवीकडे. गुळगुळीत फळा त्या भागात आरशासारखा वागून खिडकी कॅमेऱ्याकडे पाठवत होता. सर डावीकडे, फळ्याला लागून उभे राहिले की ते खिडकी आणि फळ्याच्या मध्ये येत. मग फळ्यात खिडकीऐवजी त्यांचा गडद शर्ट उतरे, आणि शाई उघडी पडे. कॅमेऱ्याची वाट मात्र उजवीकडून मोकळीच राहायची. म्हणजे मला पट्ट्यावर आलेले सर नको होते, पट्ट्याशेजारी उभे असलेले सर हवे होते!

तशी पाच चित्रं हाताने निवडली. मधेच कुणाचा तरी पाय तिवईला लागला होता, त्यामुळे दोन चित्रं तीन पिक्सेल सरकली होती; फळ्याच्या चौकटीच्या स्क्रूवरून ती जुळवली. ऊन आलं की कॅमेरा आपोआप सगळं चित्र अंधारं करत होता. पट्ट्याबाहेरचा कोरा फळा एका चित्रात 178 आणि दुसऱ्यात 196 होता, तो आधी सारखा केला. नाहीतर ठिगळ चौकोनी दिसलं असतं. मग पाचही चित्रांतले उघडे तुकडे मऊ कडांनी जोडून समीकरण पुरं झालं:

`E = 1.10 − (0.059/2) log([Zn²⁺]/[Cu²⁺])`

पडताळा फळ्यावरच होता. सरांनी जस्त 0.1 आणि तांबं 0.01 घेतलं होतं. म्हणजे भागाकार 10, त्याचा `log` 1, आणि 1.10 मधून 0.0295 गेले की 1.07. पट्ट्याबाहेर उजवीकडे सरांनी चौकटीत 1.07 लिहिलेलं होतं. चिन्ह उलटं असतं तर 1.13 आलं असतं.

जोडलेलं चित्र सुरुवातीपासून लावलं असतं तर सरांनी लिहायच्या आधीच अक्षरं दिसली असती. म्हणून प्रत्येक ओळीवरून सरांचा हात निघाल्याच्या क्षणापासून तिचा तुकडा चालू केला. सर पट्ट्यावरून आडवे जातात त्या सेकंदांपुरता तो बंद ठेवला. तेवढ्यात पट्टा पुन्हा लखलखतो, ते मी तसंच राहू दिलं.

खाली एक टीप होती, तिची शेवटची काही अक्षरं कुठल्याच चित्रात उघडी पडली नाहीत. ती फळ्यावर रंगवायला मन धजलं नाही. सरांच्या घरी गेले, पट्ट्याचं चित्र दाखवलं. त्यांनी वहीच्या कागदावर लिहून दिलं: "25 अंश से." ते मी फळ्यावर न घालता चित्राखाली वेगळ्या मजकुरात दिलं.

ऑगस्टमध्ये सर पुन्हा उभे राहिले तेव्हा मी आधी पोचले. चकाकी कापणारा पोलरायझर लावू का, असं चित्रीकरण करणाऱ्या मुलाने विचारलं. तो सरळ समोरून फारसा चालत नाही, फळ्याच्या लंबाशी सुमारे 56 अंशांच्या तिरक्या कोनात चांगला चालतो, आणि इतक्या तिरक्या जागेवरून फळा वाचता येत नाही. त्यापेक्षा तिवई उचलून खिडकीच्याच बाजूला नेली आणि हातातला छोटा आरसा सरांकडे दिला. सरांनी तो फळ्याला चपटा लावून डावीकडून उजवीकडे सावकाश फिरवला. मी कॅमेऱ्यातून बघत होते.

"काय दिसतं गं?" त्यांचा आवाज अजून घोगराच होता.

"उजवीकडची भिंत, सर. शेवटपर्यंत भिंतच."

"मग लिहू?"

"लिहा, सर."