स्लॅबसाठी आरएमसी की साइटवरचा माल? सासवडच्या घराचा माझा अनुभव

स्लॅबची तारीख ठरायच्या आधी आमच्याकडे एकच चर्चा चालू होती. मुकादमांचं म्हणणं, "ताई, मिक्सर-लिफ्ट लावू, आपल्या डोळ्यासमोर माल होतो." इंजिनिअरांचं म्हणणं, काँक्रीटच्या ताकदीची ग्रेड एम-२५ लिहिलीय तर प्लांटचाच माल घ्या. दोघांचंही आपापल्या जागी बरोबर होतं. आम्ही शेवटी स्लॅबला आरएमसी, म्हणजे प्लांटमध्ये तयार होऊन गाडीतून येणारं रेडीमिक्स काँक्रीट घेतलं. पण "प्लांटचा माल म्हणजे चांगलाच" असं समजून नाही. हिशेब मांडल्यावर निर्णय गाड्यांच्या वेळेवर येऊन थांबला, म्हणून त्याबद्दलच जास्त लिहिते.

आधी माल किती लागणार ते पाहिलं. स्लॅब साधारण १०० चौरस मीटर आणि जाडी पाच इंच, म्हणजे १२.५ घनमीटर. स्लॅबखाली उतरणारा बीमचा भाग वेगळा मोजला. ६० मीटर लांबी, ९ इंच रुंदी आणि स्लॅबच्या खाली सव्वातीनशे मिलीमीटर खोली, म्हणजे साडेचार घनमीटर. एकूण १७. पंपाच्या हॉपरमध्ये आणि पाइपात थोडा माल अडकतो, तो धरून साडेसतरा.

हाच माल साइटवर करायचा तर सिमेंट, वाळू, खडी १:१.५:३ या प्रमाणाने घनमीटरला सुमारे आठ गोण्या लागतात. म्हणजे १४० गोण्या आणि एक गोणी मिक्सरचे १४० घाण, मिक्सर तितक्या वेळा भरून ओतायचा. तासाला वीस घाण धरले तरी सात तास सलग, पंचवीसेक माणसं, मधे जेवणाची सुट्टी आणि एप्रिलचं ऊन. हे अशक्य नाही. गावाकडचे बहुतेक स्लॅब असेच झालेत आणि उत्तम उभे आहेत. माझी शंका होती ती दुपारच्या घाणांबद्दल. एका गोणीला पाणी ३० लिटरच्या आत राहिलं पाहिजे, आणि सकाळी ते राहतंही. दुपारी हात थकले की माल सरकावा म्हणून बादली वाढते. शिवाय वाळू ओली असेल तर ती फुगते, त्यामुळे घमेल्याच्या मापात वाळू कमी आणि पाणी जास्त जातं. दुसरं म्हणजे काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे, म्हणजे आयएस ४५६ प्रमाणे, असं ठरावीक प्रमाणाचं मिश्रण एम-२० पर्यंतच चालतं. एम-२५ साठी मिक्स डिझाइन करून वजनाने माल घालावा लागतो, आणि आमच्या साइटवर स्वतःचा वजनकाटा नव्हता.

आरएमसीचा प्लांट मात्र हडपसरच्या बाजूला, आणि मधे दिवे घाट. हीच खरी अडचण होती. आरएमसीचं मानक आयएस ४९२६, त्यानुसार गाडी भरल्यापासून साधारण दोन तासांत रिकामी झाली पाहिजे. माल उशिरा घट्ट व्हावा म्हणून रिटार्डर घातलं असेल तर थोडी जास्त मुभा मिळते. रिकाम्या रस्त्याला आमच्याकडे गाडी पन्नास-पंचावन्न मिनिटांत येते. घाटात एक ट्रक बंद पडला की त्याला काही हिशेब उरत नाही. म्हणून प्लांटला ऑर्डर देताना दर विचारण्याआधी मी सांगितलं की पहिली गाडी सकाळी सहाच्या आसपास भरायची, उन्हाळा आणि अंतर धरून रिटार्डरचा डोस ठरवायचा, आणि साइटवर पोचताना स्लम्प, म्हणजे माल किती पातळ आहे त्याचं माप, ११० मिलीमीटरच्या जवळपास हवा. प्लांटवरचा स्लम्प किती, हे मला नको होतं. वाटेत तो उतरतोच. दर ठरवताना दोन गोष्टी वेगळ्या विचारा. पंपाचं भाडं आणि १८ टक्के जीएसटी बऱ्याचदा तोंडी दरात धरलेले नसतात.

आमच्या गल्लीत विजेच्या तारा खाली आहेत आणि बूम पंपाला पाय पसरायला जागा नाही, म्हणून लाइन पंप लावला. पंप आदल्या संध्याकाळीच आणून पाइप वर चढवून ठेवले. हे अगदी करा. सकाळी गाडी दारात आणि पाइप अजून जोडतोय, अशा वेळी पहिला अर्धा तास फुकट जातो आणि ड्रममधला माल म्हातारा होतो. पाइपातून आधी सिमेंटचं दूध सोडतात, ते स्लॅबवर पडू द्यायचं नाही. आम्ही ते बाहेर गोण्यांवर काढलं.

सेंट्रिंगचीही वेगळी तपासणी करावी लागते. घमेल्याने माल हळूहळू पडतो, पंपातून तो अर्ध्या तासात सहा घनमीटर येतो, म्हणजे जवळजवळ पंधरा टन. एका जागी ढीग झाला तर खालचा टेकू बसू शकतो. इंजिनिअरांनी पाइपाचं तोंड सतत फिरवायला एक माणूस नेमला आणि स्लॅबखाली टेकू बघायला दुसरा. प्लेटांच्या फटींना टेप लावून घेतली, कारण हा माल पातळसर असतो आणि फटीतून सिमेंटचं दूध गेलं की तिथे खडी उघडी पडून जाळी दिसते.

पहिली गाडी सात वाजून पाच मिनिटांनी आली. चलानावर भरल्याची वेळ ६.१० होती. आधी वेळ, ग्रेड आणि घनमीटर वाचले, मग प्लांटकडून बॅच शीट मागितली. त्यात प्रत्येक घाणात सिमेंट, फ्लाय अॅश, खडी, क्रश सँड आणि पाणी प्रत्यक्ष किती गेलं ते छापलेलं असतं. मागितली तर देतात. ही गाडी वाटेत वजनकाट्यावर करून आणायला सांगितलं होतं आणि परतीच्या वाटेवर रिकाम्या गाडीचंही वजन केलं. निव्वळ वजन १४.६ टन निघालं. बॅच शीटमधली सगळी वजनं जोडून घनमीटरचं वजन २,४३० किलो येत होतं. भागाकार बरोबर सहा. गाडीत माल कमी असल्याची शंका घेत बसण्यापेक्षा काट्याची ही पावती बरी.

स्लम्प आमच्यासमोर काढला. शंकूत थरांनी माल भरायचा, प्रत्येक थराला सळईचे २५ ठोसे, शंकू सरळ वर उचलायचा आणि माल किती खाली बसला ते मोजायचं. पहिल्या गाडीचा ११५ आला. दुसऱ्या गाडीचा फक्त ६५. ड्रायव्हर म्हणाला, "ताई, माल घट्ट आलाय, पाणी मारू का? पंप घेणार नाही नाहीतर."

इथे हिशेब नीट सांगते. आमच्या मिक्समध्ये घनमीटरला ३४० किलो सिमेंट आणि फ्लाय अॅश मिळून, आणि १६५ लिटर पाणी होतं. सहा घनमीटरमध्ये दोन बादल्या म्हणजे घनमीटरला पाच लिटर. तेवढ्याने आकाश कोसळत नाही. पण गाडीवरचा पाइप कुणी बादलीने मोजून सोडत नाही. मिनिटभर सोडला आणि दीडशे लिटर गेलं तर घनमीटरला २५ लिटर वाढले. पाणी-सिमेंटचं प्रमाण ०.४९ वरून ०.५६ वर जातं आणि ताकद पाचव्या हिश्श्याच्या आसपास घटू शकते. एम-२५ चे पैसे देऊन एम-२० घ्यायचा प्रकार. प्लांटचा क्वालिटीचा मुलगा साइटवर हजर होता, तो असावा ही अटच घातली होती. त्याने मोजून केमिकल घातलं, ड्रम पाच मिनिटं जोरात फिरवला, आणि स्लम्प १२० झाला. पाणी एक थेंबही नाही.

तिसऱ्या गाडीत किती भरायचं ते पहिली गाडी रिकामी झाल्यावर ठरवलं. सहा घनमीटरमध्ये किती बीम आणि किती क्षेत्र भरलं ते मोजून साडेपाच सांगितले. ती गाडी ७.५० ला भरली आणि घाटात अडकली. दुसरी सव्वाआठला संपली होती आणि तिसरी साडेनऊला आली. सव्वा तास भरलेल्या मालाची कड उघडी होती.

कोल्ड जॉइंटची भीती इथेच असते. जुना माल घट्ट होऊन बसला की नवा त्याला चिकटत नाही, आणि पावसाळ्यात त्याच रेषेतून गळतं. इंजिनिअरांनी कडेवर ओली गोणपाटं टाकली. पंपवाल्याने पाइप तुंबू नये म्हणून हॉपरमध्ये थोडा माल राखून मधूनमधून दोन-चार स्ट्रोक मारले. आणि दर दहा मिनिटांनी व्हायब्रेटरची सुई चालू करून कडेच्या मालात ठेवून बघितली. सुई स्वतःच्या वजनाने खाली जाते आणि बाहेर काढल्यावर भोक मिटतं, तोवर माल जिवंत आहे. आमची सुई शेवटपर्यंत जात होती, रिटार्डर तिथे कामाला आलं. जात नसती तर काय करायचं, तेही आधी ठरलेलं होतं. दोन बीममधल्या स्लॅबच्या मधल्या भागात उभी फळी लावून सरळ रेषेत थांबायचं, बीमच्या तोंडाशी कधीच नाही. ती फळी कापून तयार ठेवली होती. तिसऱ्या गाडीचं चलान पाहिलं, एक तास चाळीस मिनिटं झाली होती. स्लम्प १०० आला, मग लगेच पंपाला लावली. नव्या मालात सुई सोडताना ती जुन्या मालातही चार बोटं उतरेल याकडे मुकादमांनी स्वतः लक्ष दिलं.

"आरएमसीच्या स्लॅबला तडे जातात" हे आमच्या गल्लीत बऱ्याच जणांनी ऐकवलं. त्यात तथ्य आहे. रिटार्डरमुळे माल उशिरा घट्ट होतो आणि तोवर ऊन-वारा वरचं पाणी ओढून घेतो. त्यातून पहिल्या काही तासांतच बारीक तडे उमटतात. आम्ही लेव्हल झालेल्या भागावर लगेच प्लास्टिक टाकत गेलो, आणि माल आवळायला लागल्यावर लाकडी रंधा दुसऱ्यांदा मारला. दोन ठिकाणी केसासारख्या रेघा आल्या होत्या, त्या या रंध्यात मिटल्या. संध्याकाळी पाळ बांधून पाणी भरलं. फ्लाय अॅशचा माल ताकद सावकाश धरतो, म्हणून पाणी १४ दिवस ठेवलं आणि टेकूही घाईने काढू दिले नाहीत.

ताकद तपासायचे ठोकळे प्रत्येक गाडीचे वेगळे घेतले, गाडीच्या मधल्या मालातून. सुरुवातीच्या किंवा तळाच्या मालाचे घेतले तर गाडीचा खरा अंदाज येत नाही. प्लांट स्वतःचे ठोकळे करतो, पण आम्ही आमचे आमच्या टाकीत बुडवून ठेवले आणि इंजिनिअरिंग कॉलेजच्या लॅबमध्ये फोडले. १५० मिलीमीटरच्या ठोकळ्याला एम-२५ साठी २८ दिवसांनी साधारण ५६० किलोन्यूटन भार सोसला पाहिजे. आमचे तिन्ही गाड्यांचे ६७० ते ७२० च्या दरम्यान फुटले. उशिरा आलेल्या गाडीचे सगळ्यांत कमी होते, तरी हद्दीच्या बरेच वर.

कॉलम मात्र आम्ही साइटवरच भरले होते. एका वेळी घनमीटर-दीड घनमीटर मालासाठी अर्धी गाडी मागवली तर प्लांट कमीत कमी मालाचे पैसे लावतो, आणि पंपाचं भाडं वेगळं. त्यासाठी काटा भाड्याने आणला, एका गोणीला लागणारी खडी आणि क्रश सँड वजन करून घेतली, आणि तेवढ्या मापाचे लाकडी फर्मे सुताराकडून करून घेतले. पाण्याच्या बादलीवर रंगाने रेघ मारली. आता गच्चीवरच्या टाकीचा स्लॅब राहिलाय, दोन घनमीटरचा. तो त्याच फर्म्यांनी होईल, सकाळी लवकर सुरू करून जेवणाच्या आधी संपेल असा.