खिशात ८३ गोळ्या

काल रात्री ‘मेट्रो २०३३’ या व्हिडिओ गेममध्ये मेले आणि मेले तेव्हा खिशात बंदुकीच्या ८३ चांगल्या गोळ्या होत्या. दादा मागे उभा राहून बघत होता. म्हणाला, "अगं, गोळ्या होत्या की तुझ्याकडे!" त्याला काय सांगू? होत्या, पण ते पैसे होते.

या खेळातल्या मॉस्कोच्या मेट्रोच्या भुयारांत नोटा चालत नाहीत. अणुयुद्धाआधीच्या लष्करी गोळ्या हेच तिथलं चलन. भुयारात बनवलेल्या गोळ्या मळकट, त्यांचा मारही कमी. बंदूक एकच, दोन्ही चालतात. कीबोर्डवरचा R दाबला की मळकट भरतात, दाबून धरला की लष्करी. म्हणजे बोट जरा जास्त वेळ राहिलं की पैसे उडवायचे.

नोसालिस म्हणजे भुयारांतले राक्षसी प्राणी, त्यांची झुंड आली तेव्हा मळकट गोळ्या संपल्या होत्या. R दाबून धरायचा, एवढंच करायचं होतं. मी शॉटगन काढली. तिच्या दोन नळ्या, दोन काडतुसं. दोन्ही उडाली, आणि ती भरेपर्यंत दुसरा नोसालिस अंगावर. परत तेच. ८३ गोळ्या तशाच.

खूप वाईट वाटलं. खेळात मेल्याचं नाही. घरीही मी अशीच वागते, पण ते जाऊ दे.

रात्रभर तेच घोळत राहिलं. गोळ्या संपल्या म्हणून मी मेले नव्हते. मला त्या वापरायच्याच नव्हत्या. पुढच्या स्टेशनवर गॅस मास्कचे फिल्टर घ्यायचे होते, जमलं तर बरी बंदूकही. तो हिशेब डोक्यात असला की हातात बंदूक कुठली घ्यायची हेही तोच ठरवतो. तिखार नावाची बंदूक मला आवडते ती त्यामुळेच. ती हवेच्या दाबावर चालते, तिच्यात लोखंडी छर्रे लागतात आणि ते स्वस्त पडतात. पण दर गोळीगणिक दाब उतरतो, मग पुन्हा पंप मारत बसायचं. एकटा पहारेकरी असेल तर ठीक. झुंड आली की पंप मारायला उसंत कुठली!

आज सकाळी पुन्हा बसले. चेकपॉइंटने ८३च्या ८३ परत दिल्या होत्या. बघून जरा हसू आलं. मरून वाचवलेलं सगळं शाबूत होतं.

या वेळी झुंड येण्याआधीच, शांत असताना, R दाबून धरला. मॅगझिन पितळी दिसायला लागलं तेव्हा पोटात कालवलं. एकेक गोळी मोजून झाडली. नेम धरून, डोक्यात. मळकट गोळ्यांच्या वेळी मी इतका नेम कधीच धरला नव्हता. झुंड संपली तेव्हा १९ गेल्या होत्या.

स्टेशनवर फिल्टर घेतले. बंदूक तिथेच लटकत राहिली. दादाला सांगितलं, तर तो म्हणाला, "मग फिल्टर घ्यायच्या आधी ६४ होत्या ना?" त्याने मोजलं, हेच मला बरं वाटलं.