16 जीबी ग्राफिक्स मेमरी? आठच आहे हो ती!

लॅपटॉप निवडला, घेतला, सेटअप केला, यात काही त्रास झाला नाही. त्रास झाला तो कस्टमर सपोर्टला एक साधी गोष्ट पटवून देताना, आणि त्याचा राग अजून गेला नाहीये म्हणून लिहितोय.

माझ्या लॅपटॉपात 16 जीबी रॅम आणि ग्राफिक्स कार्डाची, म्हणजे जीपीयूची, वेगळी 8 जीबी. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये एका जुन्या वाड्याचा सीन करत होतो, बाकी सीन सुसाट रेंडर व्हायचे पण हा एकच रखडायचा. तक्रार टाकली. पलीकडून उत्तर, "सर, टास्क मॅनेजरमध्ये तुमच्या जीपीयूला 15.8 जीबी मेमरी दिसतेय, म्हणजे मेमरीचा प्रॉब्लेम नाही." मी स्क्रीनशॉट पाठवला, परत तेच. तिसऱ्यांदा वेगळा माणूस, त्याचंही तेच. माझंही चुकलं म्हणा, कारण मी स्वतःही दोन दिवस तो आकडा खरा धरून बसलो होतो.

टास्क मॅनेजरच्या Performance टॅबमध्ये जीपीयूवर क्लिक केलं की तीन आकडे दिसतात. Dedicated GPU memory, ही कार्डावरची खरी मेमरी, माझी 8. Shared GPU memory, ही तुमच्या रॅमचीच साधारण अर्धी, माझी 7.8. आणि नुसतं GPU memory म्हणजे या दोघांची बेरीज, 15.8. ही शेअर्ड मेमरी कार्डावर नसतेच, गरज पडली तर विंडोज कार्डाला रॅममधून किती उसनं घेऊ देईल त्याची ती मर्यादा आहे. आणि उसनं घेतलेलं सगळं कार्डाला बाकी मशीनशी जोडणाऱ्या पीसीआय एक्सप्रेसच्या रस्त्यानं येतं. माझ्या कार्डाला स्वतःच्या मेमरीतून सेकंदाला 256 जीबी डेटा मिळतो, त्या रस्त्यानं जेमतेम 16. म्हणजे सोळा पट हळू, रखडणार नाही तर काय!

सपोर्टवाल्यांनी तर पुढे सल्ला दिला, रॅम 32 करा. केली असती तर शेअर्डचा आकडा 16 च्या आसपास गेला असता, बेरीज 24 दिसली असती, आणि कार्डावर तेच आठ!

मग सीनचा हिशोब मांडला. टेक्सचर, म्हणजे भिंती-कौलांवर चिकटवलेली चित्रं, 40, सगळे 8के. फोल्डर बघितलं तर फक्त 400 एमबी, म्हणून आधी तिकडे लक्षच गेलं नाही. पण जेपेग उलगडून मेमरीत आलं की 8192 गुणिले 8192 पिक्सेल, प्रत्येकी 4 बाइट, म्हणजे एक टेक्सचर 256 एमबी. 40 चे झाले 10 जीबी, आठात बसणार कसे? रेंडर चालू असताना परत टास्क मॅनेजर उघडला तर Dedicated काठोकाठ भरलेली आणि Shared 3 जीबीच्या वर चढलेली. ही खूण लक्षात ठेवा, शेअर्ड नुसती थोडी वापरात असणं नॉर्मल आहे, पण डेडिकेटेड फुल आणि शेअर्ड चढत चाललीय असं दिसलं की समजायचं, कार्ड उसनवारीवर चाललंय.

मित्राकडे एम2 चिपचा मॅकबुक आहे, 16 जीबी युनिफाइड. तिथे सीपीयू आणि जीपीयू एकाच मेमरीतून खातात, कार्डाची वेगळी अशी काही नसतेच. तोच सीन टाकला आणि चालला, पण ब्राउझर बंद केल्यावर! कारण तिथेही 16 चे 16 ग्राफिक्सला मिळत नाहीत, साधारण दोन तृतीयांश मिळतात, म्हणजे साडेदहाच्या आसपास, आणि सिस्टिम, ब्राउझर सगळं त्याच 16 मध्ये. ब्राउझर चालू होता तेव्हा ॲक्टिव्हिटी मॉनिटरमध्ये Memory Pressure पिवळं झालं आणि Swap Used, म्हणजे मेमरीत न मावून डिस्कवर गेलेला डेटा, वाढायला लागलं. आणि वेग म्हणाल तर त्या चिपची मेमरी सेकंदाला 100 जीबी, त्यामुळे छोटे सीन माझ्याच मशीनवर लवकर होतात. त्यामुळे "16 युनिफाइड म्हणजे 16 अधिक 16" असं कुणी सांगितलं तर हसून सोडून द्या, आणि माझे 16 अधिक 8 म्हणजे 24 हेही तसंच, कारण टेक्सचर आधी रॅममध्ये उघडतं आणि तिथून कार्डावर कॉपी होतं, एकच गोष्ट दोन ठिकाणी जागा अडवते.

हो, एक राहिलंच, युनिफाइडवाला घेणार असाल तर पहिल्याच दिवशी ठरवून घ्या, मॅकबुकमध्ये ती मेमरी नंतर वाढवता येत नाही.

माझं काम शेवटी फुकटात झालं. कॅमेऱ्यापासून लांबच्या भिंती, कौलं, सगळेच्या सगळे 40 टेक्सचर 4के केले, लांबी-रुंदी अर्धी म्हणजे मेमरी चौथाई, 10 चे अडीच जीबी. शेअर्डचा आकडा जागचा हलला नाही आणि रेंडर सुसाट. फरक रेंडरमध्ये शोधूनही दिसेना. तक्रारीवर मात्र त्यांनी "ग्राहकाला माहिती दिली, प्रश्न सुटला" असं लिहून ती बंद केली!